नुसता शेक

आमच्या भागात आजाराला दुखणं म्हणतात, आणि माझी काकी हा शब्द अगदी काटेकोर धरायची. जे दुखतं ते दुखणं. जे दुखत नाही त्याचा विचार करायला तिला सवड नव्हती. "माका दुखणा म्हणान म्हाईत नाय," असं ती विहिरीवर, बाजारात, देवळाच्या पायरीवर, कुठेही सांगायची, आणि सांगताना तिचा चेहरा एखाद्या पैलवानासारखा व्हायचा. मला त्या वेळी तिच्या या बढाईचा राग यायचा. मला तेव्हा बऱ्याच गोष्टींचा राग यायचा. अजूनही येतो.

माझी आई मी लहान असतानाच गेली. वडील त्याच्या आधी. मला काकीने वाढवलं. तिला स्वतःचं मूल नव्हतं. काका मुंबईला गोदीत होता, वर्षातून दोनदा यायचा, चतुर्थीला आणि आंब्याच्या दिवसांत. बाकीचं वर्ष मालवणजवळच्या आमच्या घरात आम्ही दोघीच. भातशेती, चार माड, एक म्हैस आणि माझी शाळा, हे सगळं काकी एकटीच ओढायची. मी मॅट्रिकच्या वर्गात होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते.

चावदिसाला, म्हणजे दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला, आमच्याकडे एकमेकींना तेल लावायची पद्धत. काकी मला आधी लावायची, ते इतकं जोरात की कातडी सोलून निघेल असं वाटावं. मग माझी पाळी. मी सूड म्हणून तितक्याच जोरात तिच्या पाठीला, खांद्यांना, दंडांना तेल रगडायची. त्या वर्षी काखेकडून पुढे हात सरकला आणि छातीच्या बाहेरच्या बाजूला बोटांना काहीतरी अडलं. सबंध सुपारीएवढं. कडक. मी बोटांनी हलवून बघितलं तर ते म्हणावं तसं हललं नाही.

"काकी, ह्या काय?"

"खंय?"

मी तिचा हात धरून तिथे नेला. तिने चाचपलं. पुन्हा चाचपलं. "गाठ आसा काय तरी," ती म्हणाली.

"दुखता?"

"नाय."

"दाबलंय तर?"

"नाय गो. दुखणाच नाय तर ता कसला दुखणा? वत पाणी."

मी पाणी ओतलं. अंगणात पायाखाली कडू कारीट फोडलं, फोव म्हणजे पोहे खाल्ले आणि दिवाळी केली. मला त्या गाठीचं काही कळत नव्हतं, म्हणून भीतीही वाटली नाही. तिलाही वाटली नसावी. ती नेहमीसारखी कामाला लागली आणि कापणीला शेवटपर्यंत वाकून राहिली.

आमच्या शेजारी एक मावशी राहायची. नात्याची नव्हे, पण सगळी वाडी तिला मावशीच म्हणायची. मुलांच्या पोटदुखीपासून म्हशीच्या सुजलेल्या कासेपर्यंत सगळ्यावर तिच्याकडे काहीतरी असायचं, आणि बऱ्याचदा ते लागू पडायचं, हे मान्य केलं पाहिजे. थंडी सुरू झाली तेव्हा काकीने तिला गाठ दाखवली. मी बाजूला अभ्यास करत बसले होते. मावशीने हात लावला, डोळे मिटले आणि म्हणाली, "ही मुकी गाठ."

"म्हणजे?"

"बोलना नाय. दुखली तर समजता काय आसा ता. ही गप आसा. हिका बोलकी करूक होयी. एकदा पिकली काय फुटतली आणि निचरा होऊन जातली."

हे बोलणं काकीला फार पटलं. न दुखणाऱ्या गाठीचं काय करायचं हा प्रश्न होता, आणि उत्तर आलं की आधी तिला दुखती करा. मावशीने बिबा आणला, चुलीत गरम केला, सुईने टोचला आणि त्याचं काळं तेल गाठीवर ठिपक्या-ठिपक्यांनी लावलं. बिबा म्हणजे काय हे ज्याने लावून घेतलंय त्यालाच कळतं. काकीला तो उतला. कातडी लाल झाली, फोड आले, आजूबाजूला सूज आली. काकीने पहिल्यांदाच रात्री कण्हून घेतलं आणि सकाळी समाधानाने मला म्हणाली, "आता बोलाक लागली गो."

फोड बरे होईनात तेव्हा मावशीच तिला मालवणात डॉक्टरकडे घेऊन गेली. मी शाळेत होते. नंतर कळलं ते असं: डॉक्टरांनी विचारलं, दुखतं का? काकी म्हणाली, होय, दुखतं. किती दिवस? थोडे दिवस. त्यांनी पदराच्या कडेकडून पाहिलं. तिने त्याहून जास्त पाहू दिलं नसणार. लाल, सुजलेलं, फोड आलेलं. बिब्याचं दोघींपैकी कुणी बोललं नाही, कारण बिबा लावला म्हटलं की डॉक्टर ओरडतात हे सगळ्या वाडीला माहीत होतं. डॉक्टरांनी गळू समजून पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू केली. काकी रोज चालत जायची, सुई घ्यायची आणि चालत यायची. हळूहळू लाली गेली, फोड वाळले. मावशी म्हणाली, बघ, निचरा झाला. दोघींनी देवाला नारळ दिला.

ते सगळं बरं झालं ते कातडीचं. गाठ होती तिथेच होती.

डॉक्टर माणूस चांगला होता. त्याने सुया संपल्या तरी एकदा दाखवायला या म्हणून बजावलं होतं. त्या दिवशी मावशी कुठल्याशा बाळंतिणीकडे गेली होती, म्हणून मी गेले. त्यांनी त्यांच्या बायकोला आत बोलावलं आणि काकीला म्हणाले, आज नीट पाहणार आहे, पदर बाजूला करा. काकी माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "कर गो, मी आसंय." तिने केलं.

त्यांनी गाठीवर बोटं ठेवली. मग म्हणाले, "आता दुखतं?"

"नाय डॉक्टर. आता काय्येक नाय. बरा झाला."

मला आठवतं, काकी हसत सांगत होती आणि डॉक्टरांचा चेहरा उतरत होता. ते म्हणाले, "गळू असतं तर पिकलं असतं, नाहीतर बसलं असतं. हे दोन्ही नाही. ही गाठ आधीपासून होती का?"

काकी पदर सावरायला लागली. मग मीच बोलले. चावदिसापासून आहे, तेव्हाही दुखत नव्हती, लाली बिब्याची होती, बिबा मावशीने लावला. एका दमात सगळं. काकीने मला चिमटा काढला, पण तो उशिरा काढला.

डॉक्टर चिडले. पण आमच्यावर चिडले की स्वतःवर, हे मला आजही सांगता येणार नाही. खाली बसले आणि मग शांतपणे बोलले. "बाई, दुखते म्हणून गाठ वाईट नसते आणि दुखत नाही म्हणून चांगली नसते. बऱ्याच बायकांना गाठी होतात, पुष्कळशा साध्या निघतात. पण तुमची कडक आहे, हलत नाही, आणि इथली कातडी आत ओढल्यासारखी दिसतेय. मला बोटांनी एवढंच सांगता येतं. ती काय आहे हे मुंबईला तपासून ठरवायचं. परवाच्या बोटीने जा."

"शिमगो झालो काय जातंय," काकी म्हणाली.

"शिमगा दरवर्षी येतो," डॉक्टर म्हणाले.

आम्ही परवाच्या बोटीने गेलो; माझी परीक्षा त्या वर्षी राहिलीच. मी मावशीला सांगितलंसुद्धा नाही. तिचं तोंड बघायची माझी इच्छा नव्हती.

मुंबईला काका धक्क्यावर आला होता. तो चार गाववाल्यांबरोबर एका खोलीत राहायचा, तिथे बायकांची सोय नव्हती, म्हणून आम्हाला लालबागला त्याच्या ओळखीच्या कुटुंबात ठेवलं. काका अबोल माणूस. काकीशी तो माणसांसमोर कधी सरळ बोललेला मी ऐकला नव्हता, माझ्यामार्फत बोलायचा. "तिका विचार, बोट लागली काय." काकी शेजारीच उभी. "सांग तेंका, नाय लागाक." असा त्यांचा संसार.

दुसऱ्या दिवशी परळच्या मोठ्या इस्पितळात गेलो. बाकांवर बायकाच बायका, कुणी खानदेशच्या, कुणी गुजरातच्या. काकीने पाच मिनिटांत दोघींशी ओळख करून घेतली. एकीची भाषा तिला येत नव्हती, तरी.

सर्जन उंच होते, बोलणं शुद्ध आणि तोडून तोडून. त्यांचं मराठी काकीला कळेना आणि काकीची मालवणी त्यांना. मधे मी. मॅट्रिकची मुलगी दुभाषी म्हणून बसलेली, आणि सर्जन शांतपणे विचारतायत, "स्तनाग्रातून पाणी किंवा रक्त येतं का, विचारा." माझ्या कानातून धूर निघाला असेल. मी काकीच्या कानाशी लागून विचारलं. काकी मोठ्याने म्हणाली, "नाय हो, थयसून काय येतला?" नर्स हसली. सर्जन हसले नाहीत. मुलं किती? नाहीत. पाळी चालू आहे? घरात आणखी कुणाला असं काही? गाठ दिसल्यापासून वाढली? प्रत्येक उत्तराला ते मान हलवायचे आणि लिहायचे.

मग तपासणी. मी मान फिरवणार होते, पण काकीने माझा हात धरून ठेवला, म्हणून सगळं पाहिलं. त्यांनी आधी हात लावलाच नाही. समोर बसवून नुसतं पाहिलं. दोन्ही हात वर करायला सांगितले. हात वर गेले तसा गाठीवर एक खळगा पडला, कुणी आतून दोरा ओढावा तसा. मग हात कमरेवर ठेवून जोरात दाबायला सांगितलं आणि तशाच स्थितीत गाठ हलवून बघितली. मग बोटं सपाट ठेवून सगळीकडे चाचपलं, दुसऱ्या बाजूलाही. तिचा हात स्वतःच्या हातावर सैल टेकवून घेतला आणि काखेत खोलवर बोटं नेली. तिथे ते जरा थांबले. काकीचा हा हात नांगर धरणारा, भाताचे भारे उचलणारा. तो त्यांच्या हातावर असा निपचित पडला होता.

शेवटी ते तिच्या पाठीमागे गेले. मला वाटलं, झालं. पण ते मागे उभे राहून गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळगीत दोन्ही बाजूंनी बोटं फिरवत होते. ज्या बाजूला गाठ त्या बाजूला फार वेळ. छातीच्या गाठीपेक्षाही जास्त वेळ. त्यांनी दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं, त्यानेही तिथेच बोटं ठेवली. दोघे इंग्रजीत काहीतरी बोलले. मला त्यातला 'नो' एवढाच शब्द कळला.

पोट तपासलं, छातीचा एक्सरे काढला, रक्त घेतलं. आणि मग मानेची ती खळगी सुईने बधिर करून तिथून एक वाटाण्याएवढी गाठ काढली आणि तपासायला पाठवली. टाके पडले. काकी बाहेर येऊन म्हणाली, "छातीत दुखणा आणि कापल्यानी मान. शहरातले डॉक्टर काय ते."

रिपोर्ट यायला काही दिवस लागले. आला तेव्हा सर्जननी काकाला आत बोलावलं. काकाने मला बरोबर नेलं, कारण त्याला एकट्याने जायची भीती वाटत होती. तसं तो म्हणाला नाही, पण त्याने माझं मनगट धरलं होतं. काकी बाहेर बाकावर तिच्या नव्या मैत्रिणींबरोबर.

सर्जन म्हणाले, "कर्करोग आहे. गाठ छातीतच असती तर छाती काढून टाकली असती. काखेत गेली असती तरी कापायचा प्रयत्न केला असता. पण ती मानेपर्यंत पोचली आहे. आता छाती कापण्यात अर्थ नाही. तिला फक्त त्रास होईल. क्ष-किरण देऊ. गाठ लहान होईल, काही महिने बरं वाटेल."

"आणि मगे?" काकाने विचारलं. काका डॉक्टरशी मालवणीत बोलला ते तेवढंच.

सर्जननी काकाच्या खांद्यावर हात ठेवला.

मी विचारलं, बिबा लावला नसता, लवकर आलो असतो, तर? मला हवं होतं की त्यांनी होय म्हणावं. मला मावशीला धरायचं होतं. ते म्हणाले, "कदाचित. कदाचित तेव्हाही मानेत असेल, बोटांना लागली नसती एवढंच. पण उशीर कधी फायद्याचा नसतो."

बाहेर येताना काका म्हणाला, "तिका सांगूचा नाय." मला वाटत होतं सांगावं. पण तो तिचा नवरा होता, मी कोण? आणि खरं म्हणजे सांगायचं कसं हे मलाही माहीत नव्हतं.

आम्ही काही ठरवण्याच्या आतच एक नर्स काकीला सांगून गेली होती, "बाई, तुमचं कापायचं नाही हं. शेक घ्यायचाय." क्ष-किरणांना तिथे सगळे शेकच म्हणायचे. विजेचा शेक. आणि आमच्याकडे शेक म्हणजे काय? सर्दी झाली, तव्यावर फडकं गरम करून छातीला लावलं, तो शेक. कंबर धरली, विटकर तापवली, तो शेक. शेकाने बरं न होणारं काही असतं हे आमच्या वाडीत कुणी ऐकलेलं नव्हतं.

काकी बाकावरून उठून आमच्याकडे आली ती उजळून. "आयकलास? कापूचा नाय म्हणतत! नुसतो शेक!" आणि पहिल्यांदाच, चारचौघांत, ती काकाशी सरळ बोलली. "अहो, तुम्ही उगाच घाबारलास. तोंड बघा तुमचा."

काका हसला. त्या माणसाने हसणं कुठून आणलं, देव जाणे.

शेक चैत्र-वैशाखभर चालला. कातडी काळवंडली, जेवण जाईना, थकवा आला. पण गाठ खरंच लहान झाली, आणि काकीला तेवढंच दिसत होतं. बाकावरच्या ज्या बायकांच्या छात्या कापल्या होत्या, ज्यांचे हात सुजले होते, त्यांची ती कीव करायची. "बिचारी. तिका कापूक लागला. माझ्या वेळेक देव जागो होतो." मी ऐकून घ्यायची. ज्यांना कापलं त्यांना वाचायची आशा होती, हे मला कळत होतं, आणि त्यातली एकही काकीइतकी आनंदी नव्हती.

पावसाळ्यासाठी बोटी बंद होण्याआधी आम्ही दोघी परत आलो. अख्ख्या बोटीला काकीने आपली गोष्ट सांगितली. बोटीवरून लहान पडावातून किनाऱ्याला उतरलो तर मावशी उभी. मी तोंड फिरवलं. काकी तिच्या गळ्यात पडली. "काय्येक नाय झाला गो! कापूची गरजच पडाक नाय!" मावशी ओक्साबोक्शी रडली. इतके दिवस तिच्या जिवाला काय लागून राहिलं होतं ते मला तेव्हा दिसलं, आणि तिच्यावर धरलेला राग मला पेलेना.

काकी वाडीत आता अधिकारी झाली. मुंबईला जाऊन आलेली, मोठ्या डॉक्टरला बघून आलेली. तिच्याकडे बायका यायच्या, आणि ती सांगायची. आंबे उतरत होते, फणस फुटत होते, काकी अंगणात बसून सांगायची आणि मी आतून ऐकायची. ते दिवस फार चांगले होते. खोटे होते, पण चांगले होते.

मग एका दुपारी वरच्या घरातली सून आली. माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठी, कडेवर तान्ही मुलगी. मुलीला पाजताना तिला गाठ लागली होती. सासू म्हणाली, दुधाची असेल. पण आमचा मालवणचा डॉक्टर आता पोळलेला होता. त्याने तिला नीट तपासलं, काही दिवसांनी पुन्हा बोलावून तपासलं, आणि गाठ गेली नाही म्हटल्यावर सांगितलं की मुंबईला जाऊन दाखव, काढून तपासावी लागेल, पावसाआधीची शेवटची बोट आहे तिने जा.

"काकी, माका कापूची भीती वाटता गो," ती म्हणाली. "पोरगी अंगावर पिता. तुमका तर कापूक लागाक नाय. मी काय करू?"

काकी मायेने हसली. तिने मुलीच्या गालाला हात लावला. "कित्याक घाबारतस? कापूक देऊ नको. थय गेलस तर सांग, माका शेक देवा म्हणान. नायतर आत्ताच कित्याक जातस? पावस जाऊंदे. चतुर्थी झाली काय बोटी सुरू होतत. माझा बघ, काय झाला? काय्येक नाय."

सुनेचा चेहरा सैल झाला. तिला हेच ऐकायचं होतं. ती उठायला लागली.

मी आतून बाहेर आले. काय बोलणार हे मला ठाऊक नव्हतं. मी एवढंच ठरवलं होतं की हिला बोटीवर बसवायचं. म्हटलं, "तू बोटीन जा." ती म्हणाली, "काकी तर म्हणतत..." मी म्हटलं, "काकीचा वेगळा आसा." काकी म्हणाली, "वेगळा काय? गाठ ती गाठ." मी म्हटलं, वेगळं आहे. काकी म्हणाली, "काय वेगळा, सांग मगे." ती गमतीने हसत होती, माझी फिरकी घेत होती. सून एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती, आणि मला दिसत होतं की ती काकीवरच विश्वास ठेवणार.

"तुझी मानेत पोचली होती," मी म्हटलं. "म्हणान नाय कापल्यानी. कापान काय उपेग नव्हतो म्हणान."

तान्ही मुलगी कडेवर काहीतरी आवाज करत होती. काकीने हात उचलून गळ्याच्या हाडावर, टाक्यांचा वण होता तिथे नेला. तिथे ठेवला. मग तिने सुनेकडे पाहिलं आणि अगदी नेहमीच्या आवाजात, म्हशीला वैरण घाल म्हणावं तशा आवाजात, म्हणाली, "तू ह्या बोटीन जा. कापूक सांगल्यानी तर कापून घे. समाजला? पोरग्येक माझ्याकडे ठेव."

सून गेली. मी पायरीवर बसले आणि रडायला लागले. काकीने मला गप्प केलं नाही, जवळही घेतलं नाही. तिने एवढंच विचारलं, "तुझ्या काकाक म्हाईत आसा?"

"आसा."

"मगे तेका सांगू नको, माका कळला म्हणान."

पोर आमच्याकडेच राहिली. काकी तिला मांडीवर घेऊन म्हशीचं दूध पाणी घालून वाटी-चमच्याने पाजायची. सून नवऱ्याबरोबर गेली आणि घाटावरून एस्टीने परत आली तेव्हा पाऊस लागला होता. गाठ काढली होती, तपासली होती. साधी निघाली. बरं न होणारं काही नव्हतं. एवढासा टाका, आणि ती मोकळी.

ती सांगायला आली तेव्हा काकीने तिची दृष्ट काढली. मी दारात उभी होते. मला सुनेचा आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. साधीच होती. ती चतुर्थीनंतर गेली असती तरी चाललं असतं. मी नसते बोलले तरी चाललं असतं. हे कुणालाच आधी सांगता येत नाही, डॉक्टरलाही नाही, म्हणूनच तपासायचं असतं. हे सगळं मला कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

त्यानंतर काकी अंगणात बसेनाशी झाली. काम करायची, पण गोष्ट सांगायची थांबली. श्रावणात तिला खोकला लागला, मग दम. चतुर्थीला काका आला. तो तिला बरं वाटतंय ना म्हणून विचारायचा, ती फार बरं म्हणायची. आता दोघं एकमेकांशी सरळ बोलायची, आणि दोघंही खोटं बोलायची.

शेवटच्या दिवसांत मी तिच्या पाठीला उशी लावून बसवायची, म्हणजे श्वास घेता येई. एकदा अशीच बसलेली असताना मी विचारलं, "माझो राग इलो काय गो तुका? मी बोललंय म्हणान?"

मला वाटलं होतं, ती नाही म्हणेल. ती नेहमी नाहीच म्हणायची. तिने जरा वेळ श्वास गोळा केला.

"तू बोललंस ता बरा केलंस," ती म्हणाली. "तिची पोर बारकी. पण ते दिस बरे होते गो. तसले आणखी थोडे माका होये होते."